मूतखड्याचा पूर्वेतिहास आणि क्रिएटिन

गिरणाकाठच्या भडगाव परिसरात वैशाखातील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. घामावाटे पाणी निघून गेले की लघवी कमी व दाट होते आणि तिच्यातील क्षारांचे स्फटिक जमून मूतखडा होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. ज्यास एकदा खडा झाला, त्यास तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. अशा तरुणाने व्यायामशाळेत जाऊन क्रिएटिनची भुकटी घ्यावी काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

क्रिएटिन हा परका पदार्थ नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी तो १८३२ साली मांसातून वेगळा केला. आपले शरीरही तो दररोज सुमारे एक ग्रॅम तयार करते. भुकटीची नेहमीची मात्रा तीन ते पाच ग्रॅम असते. स्नायूंत त्याचे क्रिएटिनिन होते व ते लघवीवाटे बाहेर पडते. मूतखडा मात्र क्रिएटिनचा अथवा क्रिएटिनिनचा बनत नाही. क्रिएटिनमुळे खडे होतात, असे आजवर सिद्ध झालेले नाही. तथापि बहुतेक प्रयोग निरोगी व्यक्तींवर झालेले असल्याने, खड्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांना ते निर्धोक आहे, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

खरा धोका बहुधा पाण्याच्या कमतरतेत असतो. समजा, एका तरुणाने उन्हाळ्यात दिवसभरात तीन लिटर पाणी प्याले; शेतातील काम व व्यायाम यांमुळे दोन लिटर घामावाटे गेले. मग लघवी जेमतेम एक लिटर होणार. खडा होऊन गेलेल्यांना मात्र दररोज सुमारे अडीच लिटर लघवी व्हावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. इटलीतील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी शेकडा बारा जणांना पुन्हा खडा झाला; इतरांत हे प्रमाण शेकडा सत्तावीस होते. म्हणून किती प्यालो यापेक्षा लघवी किती झाली, हे मापाच्या भांड्याने एक दिवस मोजून पाहावे. गडद पिवळा रंग हीही पाणी कमी पडल्याची खूण होय.

डॉक्टरांचा सल्ला आणखी एका कारणासाठी हवा. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन किंचित वाढते आणि मूत्रपिंड धड असूनही ते बिघडल्याचा भास होतो. उलट, अडकलेल्या खड्यामुळे झालेली खरी वाढही ‘भुकटीमुळेच असेल’ म्हणून दुर्लक्षिली जाऊ शकते. यास्तव भुकटी सुरू करण्यापूर्वीच रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी आणि पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी भुकटीचा उल्लेख करावा. शंका आल्यास सिस्टॅटिन-सी ही वेगळी चाचणी उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा अथवा हृदयाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाणही डॉक्टरांनीच ठरवावे. कुशीत कळा येऊन ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर मात्र केवळ पाणी पीत न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.