उन्हात तापणाऱ्या गाडीसाठी फिलामेंट कोणतं निवडावं?

विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. गडद रंगाचा असेल तर 80 पर्यंतही. अशा डॅशबोर्डवर बसवायचा मोबाइल स्टँड छापायचा आहे, असं समजू.

वितळण्याआधीच वाकतो

फिलामेंटच्या डब्यावर दिलेलं नोझलचं तापमान इथे कामाचं नाही. प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागतं. पीएलए 55 ते 60 अंशांवर मऊ पडतो, पीईटीजी 75 ते 80 वर, तर एबीएस आणि एएसए 100च्या आसपास.

वजन पेलणारा भाग तर त्या तापमानाच्या थोडं खालीही हळूहळू वाकत जातो. सुमारे 200 ग्रॅमचा फोन धरणारा हात दुपारभर तापला की झुकतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. फोन आवळून धरणाऱ्या क्लिपची पकडही अशीच सुटते: ती तुटत नाही, नुसती सैल पडते. म्हणून मऊ पडण्याचं तापमान डॅशबोर्डपेक्षा निदान 20 अंशांनी जास्त असावं.

मग एएसएच का?

या हिशेबात पीएलए पहिल्याच फेरीत बाद होतो. त्यात कार्बन फायबर मिसळल्याने कडकपणा वाढतो, पण मऊ पडण्याचं तापमान जवळपास तेवढंच राहतं. पीईटीजी सीटखालच्या, सावलीतल्या, ताण नसलेल्या भागाला चालेल. काचेमागे वजन पेलायला नको. एबीएस उष्णतेला टिकतो, पण सततच्या उन्हाने पिवळा आणि ठिसूळ होतो. एएसए उष्णतेत एबीएसइतकाच, उन्हात मात्र त्याहून चांगला टिकतो. स्टँडसाठी तोच घ्यावा, शक्यतो फिकट रंगाचा, म्हणजे तो कमी तापेल.

छापताना

एएसए थंड होताना आकसतो. त्यामुळे कोपरे बेडवरून उचलतात किंवा थरांमध्ये चिरा पडतात. बेड 100 अंशांच्या आसपास, नोझल 250च्या जवळ, पंखा बंद किंवा अगदी मंद ठेवा आणि प्रिंटर बंदिस्त असू द्या. छपाई संपताच दार न उघडता भाग आतच निवू द्या. छापताना स्टायरीनची वाफ येते, म्हणून ती बाहेर जाईल अशी सोय हवी.

स्टँडचा हात आडवा झोपवून छापा. उभा छापला तर फोनचं वजन थरांच्या सांध्यांना ओढतं आणि तो तिथूनच तुटतो.

गाडीतच परीक्षा

वापरण्याआधी हाताची बाह्यरेषा कागदावर पेन्सिलीने काढून घ्या. मग फोनऐवजी 400 ग्रॅमचं वजन लावून स्टँड दुपारभर उन्हातल्या गाडीत ठेवा. संध्याकाळी, तो निवल्यावर, पुन्हा त्याच रेषेवर ठेवून पाहा. हात रेषेबाहेर झुकला असेल तर तो जाड करा किंवा आखूड करा. क्लिपही तपासा: फोन पूर्वीइतकाच घट्ट बसला, तर स्टँड गाडीत बसवायला हरकत नाही.