आजींचा रात्रीचा भ्रम

खुब्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. अकोटातल्या आमच्या वॉर्डात आजी सलाईनची नळी ओढत होत्या. "सिस्टर, माय पागल झाली काय वो?" मुलगा रडवेला झाला.

मी वय, जन्मतारीख, ठिकाण, साल विचारलं. महिने उलटे म्हणायला लावले. सकाळी नीट बोलणाऱ्या आजी लगेच अडखळल्या. "दादा, हे वेड नाही. आजारपणातला भ्रम आहे. कारण सापडलं की बहुधा उतरतो."

मग एकेक तपासलं: ऑक्सिजन, साखर, ताप, दुखणं, पाणी, शौच, लघवी. ओटीपोट फुगलेलं! डॉक्टरांना बोलावून नळीने लघवी मोकळी केली. आजींना चष्मा लावला, हात बांधले नाहीत. मुलगा उशाशी बसला. दोन दिवसांत आजी भानावर आल्या.

मैत्रिणींनो, गप्प, सुस्त पडलेला रुग्णही भ्रमात असू शकतो. "कालपेक्षा वेगळी वाटते," एवढं सिस्टरला लगेच सांगा.