प्रश्नातला ‘ना’ आणि ‘आणि’

‘शाळेचे निरोप वेळेवर आणि समजतील असे मिळतात ना?’ पालकांसाठीच्या प्रश्नावलीतल्या या प्रश्नाचा शेवटचा ‘ना’ पालकाकडून होकार काढून घेतो. ‘आणि’मुळे दोन प्रश्न एक होतात: निरोप वेळेवर, पण न कळणाऱ्या इंग्रजीत आला, तर पालकाने काय उत्तर द्यायचे? चंडीगडमध्ये हा पेच खरा आहे. सरकारी कामकाजाची भाषा इंग्रजी; 2011च्या जनगणनेत मात्र सुमारे 74 टक्के रहिवाशांची मातृभाषा हिंदी आणि 22 टक्क्यांची पंजाबी होती.

म्हणून प्रश्न तोडा. ‘मागच्या पालकसभेचा निरोप किती आधी मिळाला?’ पर्याय: त्याच दिवशी, एक दिवस आधी, त्याहून आधी, मिळालाच नाही. मग वेगळे विचारा: ‘तो समजायला सोपा गेला की अवघड?’ छापण्यापूर्वी हिंदी-पंजाबी मसुदा चार-पाच पालकांकडून मोठ्याने वाचून घ्या. कुणी ‘नेमके कशाबद्दल?’ असे विचारले, तर प्रश्न पुन्हा लिहा.