एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्राचा तळ

एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावर चुनखडी आहे आणि तिच्यात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात! भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी टेथिस समुद्र होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड भिडले. समुद्राखालचं जड कवच आशियाखाली बुडालं होतं, पण खंडाचं कवच हलकं, ते तितकं खोल जाईना. मग त्याचे थर तुटून एकमेकांवर चढले आणि कवच जवळपास दुप्पट जाड झालं; त्यातच समुद्राच्या तळाचे खडक वर उचलले गेले.

भारत अजूनही वर्षाला ४-५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय. त्यातले साधारण २ सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात. या रेट्याचा ताण खडकांत साठतो आणि भूकंपात सुटतो. गंमत बघा, २०१५च्या नेपाळ भूकंपात काठमांडू मीटरभर वर आलं, तर उत्तरेकडचे काही उंच डोंगर चक्क खचले.