सळई कुठे थांबवायची?

साइटवर एक ठोकताळा सर्रास चालतो. मधल्या कॉलमवरच्या जादा टॉप सळया दोन्ही बाजूंना एल बाय फोर, म्हणजे गाळ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत न्यायच्या आणि तिथे तोडायच्या. हा ठोकताळा कुठे टिकतो आणि कुठे दगा देतो, हे एका साध्या बीमवर तपासता येते.

बीम सलग दोन गाळ्यांचा, प्रत्येक गाळा ६ मीटरचा. डिझाइनसाठी धरलेला कायमचा भार मीटरला २० किलोन्यूटन आणि वापराचा भारही तेवढाच. कायमचा भार दोन्ही गाळ्यांवर राहणारच. वापराचा भार मात्र कधी दोन्हीकडे असेल, कधी एकाच गाळ्यात. प्रत्येक शक्यतेचा मोमेंटचा आलेख काढून ते एकावर एक ठेवले, की त्यांची बाहेरची कड म्हणजे एन्व्हलप.

दोन्ही गाळे भरलेले असताना आधारावर सर्वांत मोठा मोमेंट येतो, १८० किलोन्यूटन-मीटर. सळया किती लागतील ते यावरून ठरते. बीम ३०० बाय ५०० मिमीचा, काँक्रीट एम २५ आणि सळई एफई ५०० असेल, तर २० मिमीच्या चार सळया पुरतात. या स्थितीत वरचा ताण आधारापासून १.५ मीटरवर संपतो. एल बाय फोर बरोबर इथेच येतो.

आता आपला गाळा रिकामा आणि शेजारचा भरलेला घ्या. आधारावरचा मोमेंट १३५ वर उतरतो, पण शेजारचा गाळा खाली वाकताना आपला गाळा वर उचलू पाहतो आणि त्याला दाबून धरायला वजन कमी असते. त्यामुळे वरचा ताण २.२५ मीटरपर्यंत पसरतो. १.५ मीटरवर, जिथे सळई संपली, तिथे अजून सुमारे ३४ किलोन्यूटन-मीटर शिल्लक असतात. सळयांची संख्या भरलेला गाळा ठरवतो, लांबी मात्र रिकामा गाळा.

चारपैकी दोन सळया सुमारे १११ किलोन्यूटन-मीटर पेलतात. एन्व्हलप तेवढा उतरतो आधारापासून ०.४९ मीटरवर. पण सळई तिथेच तोडता येत नाही. कातरबलाने तिरकी भेग पडली, की सळईतला ताण आलेखापेक्षा पुढे सरकतो. म्हणून आयएस ४५६ सांगते, की सळई बीमच्या परिणामी खोलीइतकी किंवा व्यासाच्या १२ पट, यांतले जे जास्त असेल तितकी पुढे न्या. इथे ते ०.४५ मीटर, म्हणजे एकूण ०.९४. शिवाय आधारावर पूर्ण ताण घ्यायला काँक्रीटमधली पकड ०.९७ मीटर हवी. तेव्हा दोन सळया १ मीटरवर थांबवाव्यात. तो भाग अजून ताणाखालीच असल्याने तिथले कातरबल तपासून गरज पडेल तशा जवळजवळ रिंगा द्याव्या लागतात. उरलेल्या दोन २.२५ अधिक ०.४५, म्हणजे २.७ मीटरपर्यंत जातात.

त्या आखूड राहिल्या, तर सळईच्या टोकाशी बीमच्या वरच्या अंगाने भेग सुरू होते आणि आधाराकडे तिरकी उतरते. वर फरशी असल्याने ती बाजूनेच दिसते. दोन्हीकडे पूर्ण भार ठेवून केलेल्या चाचणीत ही उणीव सापडत नाही.

वापराचा भार कायमच्या भारापेक्षा बराच कमी असेल, तर ताण संपण्याची जागा एल बाय फोरच्या जवळच राहते. तिथे त्यापुढे खोलीइतकी सळई नेली की काम भागते. दोन्ही भार सारखे झाले, की ती जागा गाळ्याच्या तीन-अष्टमांशावर जाते. गोदामात किंवा ग्रंथालयाच्या कपाटांखाली नेमके हेच घडते. तिथे ठोकताळा बाजूला ठेवून एक गाळा रिकामा धरलेला आलेख काढलाच पाहिजे.