दिवा न लावलेली खोली

गेल्या आषाढातली गोष्ट. सायंकाळी मैत्रिणीने मोबाइलवर एक छायाचित्र पाठविले. बंद खिडकीची काच, तिच्यावर पावसाचे थेंब, मागे माडाचा पुसट आकार. सोबत एक अक्षरही नव्हते. तिची आई जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

'वा! काय मस्त पाऊस!' असे मी सवयीने लिहूनही टाकले. पाठवणार तोच पुन्हा एकदा चित्राकडे नीट पाहिले.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात लांबचे आणि जवळचे बहुधा सारेच स्पष्ट येते. मागचा माड इतका पुसट व्हायचा, तर कॅमेरा काचेपासून वीतभर अंतरावर आणून थेंबावर बोट टेकवावे लागते. म्हणजे तिला माड दाखवायचा नव्हता. थेंब मोठा करून पाहिला, तर त्यात तोच माड उलटा उभा. थेंब भिंगाचे काम करतो, म्हणून आकाशाचा उजेड त्याच्या खालच्या कडेला दिसतो. आणखी एक गोष्ट. सांजवेळी खोलीत दिवा असता तर त्याचे प्रतिबिंब काचेत उमटलेच असते. ते कुठेही नव्हते. ती अंधारात, काचेला जवळजवळ नाक लावून बसली होती.

(चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक याने १९४० पासून कित्येक वर्षे प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे घेतली. त्यांतही पुष्कळदा पाहायची असते ती ओलसर काचच. पलीकडचे झाड निमित्तमात्र.)

आता उत्तर काय द्यावे? स्तुती केली तर ती पावसाची होते. 'काय झालं?' म्हटले तर जे शब्दांत सांगणे तिने टाळले, तेच तिला सांगायला लावायचे. 'धीर धर' हे तर चित्रापेक्षा फारच मोठ्या आवाजातले. चित्रात मागणी नव्हती, म्हणून उत्तरातही प्रश्न नको. आणि तिने जे दाखविले, त्यातले काहीतरी आपल्याला दिसले एवढे मात्र त्यात हवे. मी लिहिले :

'इकडेही धरून आहे. मीही दिवा लावला नाही अजून.'

दुसरे वाक्य खरे असावे म्हणून आधी उठून दिवा मालवला, हे येथे कबूल करतो.

हे नेहमीच पुरते असे मात्र नाही. अशी चित्रे रोज, अपरात्री येऊ लागली आणि उत्तराला उत्तर येईनासे झाले, तर सूर जुळवीत बसू नये; सरळ फोन करावा किंवा घर गाठावे.

त्या दिवशी तासाभराने 'हं' एवढेच आले. रात्री नऊला तिचाच फोन. आईने घातलेल्या लोणच्याची शेवटची बरणी फोडू की नको, असे विचारीत होती.