बुडालेल्या तासाची फी

संध्याकाळी सहाचा तास आणि साडेचारला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप: ‘आज येता येणार नाही, सॉरी.’ घरी शिकवणी घेणाऱ्या प्रत्येकाला हा निरोप ओळखीचा असतो. महिनाअखेरीस या तासावरून कुरबुर होते. मूल आलंच नाही, मग पैसे कसले, असं पालकांना वाटतं. शिक्षिकेचं म्हणणं असतं की सहा ते सात ही वेळ तिने त्या मुलासाठी धरून ठेवली होती आणि दीड तासात दुसरं कोणी मिळणं शक्य नव्हतं. दोघांचंही खरं असतं. वाद होतो, कारण रद्द झालेल्या तासाचं काय करायचं हे कोणी आधी बोललेलंच नसतं. म्हणूनच आता अनेक शिक्षक शिकवणी सुरू होतानाच पालकांना एक छोटं नियमपत्रक देतात.

हा प्रश्न मोठ्या क्लासपेक्षा एकेका मुलाला शिकवणाऱ्यांना जास्त छळतो. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल गैरहजर राहिलं तरी शिक्षकाचं उत्पन्न कमी होत नाही. एकास-एक शिकवणीत मात्र तो तास म्हणजेच विकायची वस्तू असते आणि ती दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवता येत नाही. त्यामुळे पत्रकातली मुख्य अट असते पूर्वसूचनेची. बहुतेक ठिकाणी २४ तासांची मुदत ठेवतात, कारण एवढ्या वेळात दुसऱ्या मुलाला विचारून ती वेळ भरता येते. हे कारण पत्रकात एका वाक्यात लिहिलं, तर पालकांना अट जाचक वाटत नाही.

मुदत लिहिताना एक बारीकशी चूक नेहमी होते. ‘एक दिवस आधी कळवावे’ असं लिहिलं की सोमवारच्या तासाबद्दल रविवारी रात्री अकराला कळवलं तरी चालेल, असा अर्थ निघतो. ‘तासाच्या वेळेपूर्वी २४ तास’ असं लिहिलं की शंका उरत नाही. निरोप कोणी द्यायचा हेही ठरवावं लागतं. नववीतल्या मुलाने स्वतःच ‘आज सुट्टी’ कळवलं आणि घरी पत्ताच नसला, तर फी मागताना शिक्षिकेची पंचाईत होते. म्हणून निरोप पालकांच्याच नंबरवरून यावा, अशी ओळ पत्रकात हवी. कायद्याच्या अंगानेही ते योग्य आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला आपल्याकडे करार करता येत नाही, त्यामुळे फीचा व्यवहार मुळात पालकांशीच असतो.

रक्कम किती घ्यावी, यालाही मर्यादा आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं ७४वं कलम सांगतं की करार मोडल्यास द्यायची रक्कम आधी ठरलेली असली, तरी तिच्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. ६०० रुपयांचा तास ऐनवेळी रद्द झाला तर ६०० मागण्याला आधार आहे, कारण तेवढंच उत्पन्न बुडालं. धाक बसावा म्हणून १००० लावले, तर ते टिकणं कठीण. त्याच कायद्याचं ७३वं कलम भरपाई ठरवताना नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते तेही पाहायला सांगतं. म्हणून रिकामा तास दुसऱ्या मुलाने घेतला, तर पहिल्याकडून फी घेऊ नये. एकाच तासाचे दोनदा पैसे घेतल्याचं सोसायटीत कळायला वेळ लागत नाही.

आता एक कल्पित महिना पाहू. ठाण्यातल्या एका शिक्षिकेकडे नववीची मुलगी गणितासाठी सोमवारी आणि गुरुवारी येते. तासाला ६०० रुपये. या महिन्यात नऊ तास ठरले होते. पाच व्यवस्थित झाले, त्यांचे ३०००. एका तासाबद्दल मामेबहिणीच्या लग्नामुळे दोन दिवस आधी कळवलं होतं, त्याची फी नाही. एका दिवशी दुपारी मुलीला ताप आला. सूचना उशिरा मिळाली, पण पत्रकात प्रत्येक सत्रात आजारपणाचे दोन तास माफ आहेत, त्यातला एक वापरला गेला. मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी त्याच दिवशी दुपारी तीनला रद्द केलेल्या तासाचे पूर्ण ६०० लागले. शेवटचा तास शिक्षिकेनेच दुपारी दोनला रद्द केला. त्याची फी अर्थातच नाही. शिवाय त्याबदली रविवारी घेतलेला तास तिने निम्म्या फीत, म्हणजे ३०० रुपयांत घेतला. एकूण ३९०० झाले. नऊही तास झाले असते तर ५४०० झाले असते.

या हिशेबातल्या दोन गोष्टी पत्रकांमध्ये बरेचदा राहून जातात. पहिली आजारपणाची सवलत. ती नसली की फी वाया जाऊ नये म्हणून तापातलं मूलही तासाला पाठवलं जातं आणि पुढच्या आठवड्यात शिक्षिका आणि इतर मुलं आजारी पडतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं तर पालक दुखावतात, त्यामुळे चौकशी न करता ठरावीक तास माफ करणं सोपं जातं. दुसरी गोष्ट शिक्षकाने रद्द केलेल्या तासाची. ऐनवेळी रद्द केल्याचा भुर्दंड फक्त पालकांवर असेल, तर ते पत्रक एकतर्फी ठरतं.

महिन्याची फी ठोक घेणाऱ्यांना आणखी एक खुलासा करावा लागतो. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाला १०४, पण महिन्यात कधी आठ भरतात, कधी नऊ. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्यात मोजल्या आहेत की नाहीत, हे आधी सांगितलेलं बरं. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली, की त्या दिवशीचा तास कोणाकडेही न लागता पुढे ढकलावा किंवा ऑनलाइन घ्यावा. हा निकष चांगला, कारण ती घोषणा दोघांनाही सारखीच कळते आणि पाऊस किती होता यावर वाद घालावा लागत नाही.

बदली तासांना मात्र मुदत हवी. ती नसली तर वर्षभर साठलेले तास फेब्रुवारीत, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, एकदम मागितले जातात आणि तेव्हा शिक्षकाकडे एकही वेळ मोकळी नसते. राहिलेला तास ३० दिवसांत घ्यावा, एवढं पुरतं. शिक्षकाला त्या मुदतीत वेळ देता आली नाही, तर त्या तासाचे पैसे पुढच्या फीतून वळते करावेत.

शिकवणी मध्येच सोडणाऱ्या मुलाचा हिशेबही पत्रकात असावा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पूर्ण फी भरून अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. त्या सूचना ५०पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत, त्यामुळे घरच्या शिकवणीला लागू होत नाहीत. तरी तोच दहा दिवसांचा नियम घरच्या पत्रकात घालायला हरकत नाही. पत्रक जूनमध्ये, पहिली फी घेण्याआधी द्यावं आणि पालकांचं ‘मान्य’ असं लेखी उत्तर जपून ठेवावं. वर्षाच्या मध्ये नियम बदलायचा झाला, तर महिनाभर आधी कळवावं आणि आधी बुडालेल्या तासांना जुनाच नियम लावावा.